प्लेटलेट नॉर्मल, पीटी नॉर्मल, तरी अंगावर रक्ताचे डाग

प्रश्न: बाबा 73 वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून इंदूरला एकटेच राहतात. दोन महिन्यांपासून त्यांच्या नडग्यांवर लाल-जांभळे ठिपके येताहेत, एक पोटरी काळीनिळी पडलीय आणि दात घासताना रक्त येतं. प्लेटलेट 2.4 लाख, पीटी, एपीटीटी सगळं नॉर्मल. मग रक्त येतंय कुठून? आत्याला लहानपणापासून नाकातून रक्त येतं, हे आमच्या घराण्यातलंच काही आहे का?

उत्तर:

रक्त जागच्या जागी राहायला तीन गोष्टी धड असाव्या लागतात: प्लेटलेट, रक्त गोठवणारी प्रथिनं आणि रक्तवाहिनीची भिंत. लॅबमध्ये जांभळ्या झाकणाच्या नळीतून प्लेटलेट मोजतात आणि निळ्या झाकणाच्या नळीतून पीटी-एपीटीटी करतात, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात. रक्तवाहिनीची भिंत मात्र कुठल्याच नळीत जात नाही, ती बाबांच्या अंगातच राहते. ती तपासायची तर कातडीकडे नीट बघावं लागतं, हात लावून पाहावं लागतं आणि रोजच्या ताटात काय असतं ते विचारावं लागतं. हे न करता ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझ्या मनात पहिलं नाव येतं स्कर्व्हीचं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचं. बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण नडगीवरचे ठिपके, काळीनिळी पोटरी, हिरड्या आणि जोडीदार गेल्यावर एकट्याचा स्वयंपाक, एवढं एकत्र आलं की ही शंका आधी मिटवायला हवी. ती मिटवणं सोपं आहे आणि उपचार फार स्वस्त आहे. आत्यांच्या नाकाचं प्रकरण वेगळं दिसतं, त्याकडे शेवटी येतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. पीटी-एपीटीटी नॉर्मल आणि प्लेटलेटची संख्या नॉर्मल म्हणजे रक्तात काहीच दोष नाही, असं होत नाही. बाबा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील, गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या घेत असतील, तर प्लेटलेट मोजायला भरपूर दिसतात पण काम अर्धवट करतात. दम्याचा किंवा सांधेदुखीचा स्टेरॉइड वर्षानुवर्षं चालू असेल, तर कातडी पातळ होऊन डाग पडतात. त्यांच्या गोळ्यांचा डबा, चूर्णाच्या पुड्यांसकट, उघडून बघा आणि डॉक्टरांकडे जाताना तसाच घेऊन जा. मनाने कुठलीही हृदयाची गोळी बंद मात्र करू नका.

आता एका रुग्णाचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून. राजवाड्याच्या बाजूला राहणारे, निवृत्त, सत्तरीतले काका. पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं. डावी पोटरी सुजून दगडासारखी कडक झालेली, वर काळानिळा पट्टा, चालताना लंगडत. आधी एके ठिकाणी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल म्हणून रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली होती. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, गाठ निघाली नाही, पण तोवर दुसऱ्या मांडीवरही मोठा डाग उमटला. मग कुणीतरी रक्तवाहिन्यांची सूज म्हणून स्टेरॉइडचा विचार करत होतं. हिमोग्लोबिन 8.9, प्लेटलेट 2.8 लाख, पीटी, एपीटीटी, लिव्हर, किडनी, सगळं ठीक.

काकांना पलंगावर झोपवून पँट गुडघ्याच्या वर घ्यायला लावली आणि टॉर्चच्या उजेडात भिंगातून नडगी बघितली. प्रत्येक लाल ठिपक्याच्या बरोबर मध्यभागी एक केस होता. ठिपके इकडेतिकडे विखुरलेले नव्हते, ते केसांच्या मुळांभोवती कड्यासारखे बसले होते. त्यातले बरेच केस सरळ नव्हते, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळलेले, आणि केसाच्या तोंडाशी कातडीची खरखरीत गुठळी. हात फिरवला की मांडीचा पुढचा भाग खवल्यासारखा लागायचा. पिळलेला केस आणि त्याच्याभोवती रक्त, ही जोडी दिसली की स्कर्व्हीशिवाय दुसरं नाव क्वचितच सुचतं.

मग तोंड. काकांच्या वरच्या जबड्यात कवळी होती, खाली पुढचे पाच-सहा दात उरलेले. वरच्या हिरड्या फिक्या, पण ठाकठीक होत्या. खाली मात्र दातांच्या मधला हिरडीचा कोपरा जांभळा, फुगलेला, स्पंजसारखा, टोकदार वस्तू लागली की भळकन रक्त. स्कर्व्हीत हिरड्या दातांभोवतीच बिघडतात. ज्यांना दातच नाहीत त्यांच्या हिरड्या जवळजवळ चांगल्या राहू शकतात. त्यामुळे कवळीवाल्या माणसाच्या हिरड्या ठीक आहेत म्हणून स्कर्व्ही नाही, असं म्हणता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण म्हाताऱ्या माणसांत निदान इथेच हुकतं.

शेवटी बीपीचा पट्टा. काकांचं बीपी 130/80 होतं, म्हणून पट्टा मधल्या दाबावर, 105 वर, पाच मिनिटं ठेवला. सोडल्यावर कोपराच्या खाली बारीक लाल ठिपक्यांचा सडा पडला होता. ही जुनी चाचणी आहे आणि ती एकटी काही सिद्ध करत नाही. डेंग्यूतही ती अशीच येते, आणि वयस्कर कातडीत थोडी येतेच. पण प्लेटलेट 2.8 लाख असताना इतके ठिपके म्हणजे केशवाहिन्या दाब सोसत नाहीत, एवढं तरी ती सांगते.

आता ताट. ‘काका, जेवण बरोबर आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. म्हणून मी कालच्या दिवसाचं विचारतो: सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं, मग काय, मग काय. काकांचं होतं असं: सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी मुगाची खिचडी किंवा वरण-भात, संध्याकाळी चहा-शेव, रात्री दूध-पोळी. कधी चौकातून पोहे, वर जीरावन, पण लिंबू पिळायचं नाही. कारण काही वर्षांपूर्वी अ‍ॅसिडिटीसाठी त्यांना ‘आंबट बंद’ सांगितलं होतं आणि ते कधी परत सुरू करा असं कुणी सांगितलंच नाही. पत्नी होती तोवर वरणावर लिंबू, पानात कोशिंबीर, हिवाळ्यात आवळा, असं काही ना काही न सांगता पोटात जायचं. ती गेल्यावर कच्चं आणि आंबट असं ताटात काहीच उरलं नाही. दाळ, तांदूळ, गहू, उकळलेलं दूध, शेव, बिस्किटं, या कशातच क जीवनसत्त्व जवळपास नसतं. काका उपाशी नव्हते, वजनही फारसं उतरलं नव्हतं. पोट भरलेल्या माणसाला स्कर्व्ही होते, हेच लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही.

यातून रक्त का येतं, ते थोडक्यात. रक्तवाहिनीची भिंत आणि तिला बाहेरून धरून ठेवणारा पदार्थ कोलॅजेनचा असतो. कोलॅजेन म्हणजे तीन तंतूंचा पीळ. तो पीळ घट्ट बसावा म्हणून तंतूंवरच्या प्रोलीन आणि लायसीन या घटकांना एक रासायनिक जोड द्यावी लागते आणि ते काम करणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पेशी कोलॅजेन बनवतात, पण पीळ टिकत नाही. बारीक केशवाहिन्या मग उभं राहण्याच्या दाबानेसुद्धा फुटतात. म्हणूनच डाग पायांवर आधी येतात, पाठीवर-छातीवर नंतर. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, माणसात त्याचं शेवटचं एन्झाइमच काम करत नाही. त्यामुळे आपला साठा खाण्यातूनच येतो: पूर्ण भरलेला असताना सुमारे 1500 मिलिग्रॅम. तो 300-350 च्या खाली गेला की लक्षणं दिसू लागतात, आणि खाण्यात काहीच जात नसेल तर त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. रोज 10 मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही होत नाही, आणि तेवढं साधारण एका लिंबाच्या रसात असतं. अर्थात हे फक्त स्कर्व्ही टाळण्यापुरतं. आपल्याकडे प्रौढ पुरुषासाठी रोजची शिफारस 80 मिलिग्रॅमची आहे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याहून जास्त लागतं.

रक्तातलं क जीवनसत्त्व मोजता येतं, 0.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे अभाव. पण या चाचणीच्या अडचणी माहीत असू द्या. नमुना उजेडात किंवा गरम जागी राहिला तर जीवनसत्त्व नळीतच नष्ट होतं आणि आकडा खोटा कमी येतो. आणि ती पातळी शेवटच्या काही दिवसांतल्या खाण्यावर हलते. दवाखान्यात दाखल झाल्यावर नातेवाइकांनी आणलेली दोन मोसंबी खाल्ली, की साठा रिकामा असूनही आकडा बरा दिसतो. म्हणून रक्त आधी काढायचं, गोळी नंतर द्यायची, आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. काकांचा नमुना बाहेरच्या लॅबला गेला. आठवड्याने रिपोर्ट आला तेव्हा ते वॉर्डात लंगडणं सोडून फिरत होते. आकडा 0.1 च्या खाली होता.

काकांना 500 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली, आठवड्यानंतर एकच, आणि पुढे दोन महिने रोज 100. रक्त पातळ करायची इंजेक्शनं बंद केली, कारण गाठ नव्हतीच. दोन-तीन दिवसांत पायांचं ठणकणं आणि अंगातला थकवा कमी झाला, नवे ठिपके यायचे थांबले. आठवड्याच्या आसपास हिरड्यांचा फुगवटा उतरला. पोटरीतलं रक्त जिरायला तीन आठवडे लागले, रंग जांभळ्याचा हिरवा, मग पिवळा होत गेला. पिळलेले केस सरळ यायला महिना लागला. हा क्रम हीच मला खरी खात्री वाटते. नीट गोळी पोटात जाऊनही दोन आठवड्यांत नवे डाग येतच राहिले, तर निदान चुकलंय असं समजून पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. हिमोग्लोबिनसाठी लोह आणि फोलिक अ‍ॅसिडही लागलं. ज्या ताटात क नाही, त्यात फोलिक अ‍ॅसिडही बहुधा कमीच असतं, आणि क नसलं की लोह आतड्यातून नीट शोषलं जात नाही.

स्वस्त आहे म्हणून गोळ्या कितीही घ्याव्यात, असं नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी, किडनी कमजोर असलेल्यांनी आणि वारंवार रक्त चढवल्यामुळे अंगात लोह साठलेल्यांनी मोठा डोस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आणि कायमचा उपाय ताटातच आहे. इंदूरला ज्याला जाम म्हणतात तो पेरू, 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या घरात क देतो, दिवसाला अर्धा पुरतो. लिंबू खिचडी-वरण शिजताना घालू नये, ताटात वाढल्यावर पिळावं, उकळताना ते बरंचसं जातं. बाबांना आंबट झेपत नसेल तर पेरू, पपई, चिरलेली कोबी, वरून भरपूर कोथिंबीर, यातलं काहीही चालेल.

तुम्ही या शनिवारी-रविवारी बाबांकडे जाणार असाल, तर एक गोष्ट घरीच बघता येईल. पारदर्शक काचेचा पेला लाल ठिपक्यावर ठेवून हलकेच दाबा. रक्त वाहिनीतून बाहेर पडून कातडीत सांडलेलं असेल, तर दाबूनही ठिपका तसाच राहतो. वाहिनीच फुगलेली असेल तर दाबल्यावर पांढरा पडतो आणि काच उचलली की पुन्हा लाल भरतो. स्कर्व्हीचे ठिपके पहिल्या प्रकारचे, सपाट आणि केसाभोवती. ठिपके बोटाला उंचवट्यासारखे लागत असतील, सोबत पोटात दुखत असेल, सांधे धरले असतील किंवा लघवी लाल होत असेल, तर रक्तवाहिन्यांची खरी सूज असण्याची शक्यता जास्त, आणि मग लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. डाग फक्त हाताच्या मागच्या बाजूला आणि मनगटाच्या वर असतील, दुखत नसतील, तर तो बहुधा उन्हाने आणि वयाने पातळ झालेल्या कातडीचा प्रकार. तिथे ‘वयामुळे’ हे उत्तर बरोबर असतं. पापण्यांवर किंवा डोळ्यांभोवती, जरा चोळल्यावर जांभळं पडत असेल तर मात्र मला लगेच कळलेलं बरं, कारण अ‍ॅमिलॉइड नावाचा पदार्थ रक्तवाहिन्यांत साठल्याने तसं होतं आणि त्याची तपासणी वेगळी असते.

आता आत्या. नाकातून रक्त येण्याची कारणं बहुतेक साधी असतात: माळव्यातला कोरडा उन्हाळा, सर्दी, नाक कोरणं. पण लहानपणापासून सुरू होऊन आजही थांबलेलं नसेल, तर त्यांच्या ओठांवर, जिभेवर आणि बोटांच्या पेरांवर बघा. टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक ठिपके, पेल्याने दाबल्यावर पांढरे पडणारे, असतील तर आनुवंशिक टेलँजिएक्टेशिया या आजाराची शंका घ्यायला हवी. इथे रोहिणी आणि नीला यांच्यामधल्या केशवाहिन्याच बनलेल्या नसतात. रक्त पूर्ण दाबाने पातळ भिंतीच्या फुगीर वाहिनीत शिरतं आणि जराशा खरचटण्यानेही वाहतं. रक्तात दोष नसतो, म्हणून याही आजारात रिपोर्ट नॉर्मल येतात.

निदानासाठी चार गोष्टी पाहतात: पुन्हापुन्हा आपोआप येणारं नाकाचं रक्त, ठरावीक जागचे ते ठिपके, फुप्फुस-मेंदू-यकृत-आतडी यांतल्या रोहिणी-नीलांच्या अशाच चुकीच्या जोडण्या, आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला हाच आजार. तीन असतील तर निदान पक्कं, दोन असतील तर शक्यता. आजार असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा-मुलगी असा फरक नसतो.

पण या आजारात नडगीवर केसाभोवती ठिपके येत नाहीत आणि पोटरी काळीनिळी पडत नाही. त्यामुळे आत्यांना तो निघाला, तरी बाबांच्या पायांचं उत्तर त्यातून मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एका घरात असल्या म्हणून एकाच कारणाच्या असतात असं नाही. आत्यांना तो निघालाच, तर बाबा त्यांचे सख्खे भाऊ असल्याने त्यांच्या ओठांवर, जिभेवर आणि बोटांवर मात्र नजर टाकायला हवी, आणि त्यांना तो असेल तर तुमच्याही.

आत्यांच्या बाबतीत मला काळजी नाकापेक्षा फुप्फुसांची आहे. फुप्फुसात रोहिणी थेट नीलेला जोडलेली असेल, तर तिथल्या केशवाहिन्यांची गाळणी चुकते. एखादी बारीक गुठळी किंवा दातांच्या कामावेळी रक्तात उतरलेले जंतू थेट मेंदूकडे जाऊ शकतात, त्यातून लकवा किंवा मेंदूत गळू होऊ शकतं. यासाठी शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाइन देऊन हृदयाची इको करतात. डाव्या बाजूला बुडबुडे उशिरा दिसले तर सीटी करतात, आणि जोडणी मोठी निघाली तर ती कॅथेटरने आतून बंद करता येते. ही तपासणी होईपर्यंत दात काढायचा किंवा हिरडीचं काम करायचं झालं, तर आधी अँटिबायोटिक लागेल का हे डॉक्टरांना विचारा. नाकासाठी आत मलम किंवा मिठाच्या पाण्याचा फवारा लावून ओलावा ठेवणं ही पहिली पायरी, मग रक्त थांबवायला मदत करणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड. नाक वारंवार जाळून घेऊ नका, पडदा पातळ होऊन भोक पडू शकतं. आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून लोह द्या. वर्षानुवर्षं थोडंथोडं रक्त गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत फार खाली गेलेलं असतं.

बाबांसाठी क्रम असा ठेवा: पायांचे जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढा, गोळ्यांचा डबा आणि तीन दिवसांच्या जेवणाची नोंद घ्या, क जीवनसत्त्वाचा नमुना द्या, आणि डॉक्टरांनी शंका मान्य केली तर गोळी त्याच संध्याकाळी सुरू करा. काळी शौचास झाली, चक्कर येऊन पडले, डोकं अचानक दुखायला लागलं किंवा पोटरी आणखी ताठून बोटं बधिर झाली, तर यातल्या कशासाठीही न थांबता तडक इमर्जन्सीला न्या, आणि तिथे पायात गाठ असल्याच्या शंकेवरून रक्त पातळ करायचं औषध सुचवलं तर आधी डॉपलर करून घ्या असं सांगा.